प्रातमधली निळी रेघ: प्रश्न विचारला तरी सूर शेवटी खाली कसा पडतो?

शुभदा_क
मी अमराठी मंडळींना मराठी शिकवते. सगळे मोठे, नोकरी करणारे. त्यांची एक तक्रार ठरलेली असते: 'का' न लावता विचारलेला प्रश्न त्यांना प्रश्न वाटतच नाही. "भाऊ उद्या घरी येणार." आणि "भाऊ उद्या घरी येणार?" यांत अक्षरं तीच, फरक काय तो हेलाचा. तो हेल डोळ्यांना दाखवता आला तर बरं, म्हणून सुराचा चढउतार निळ्या रेघेने दाखवणारं प्रात हे सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि मावशीच्या आवाजात दोन्ही वाक्यं ध्वनिमुद्रित केली. एका व्हिडिओत बाईच्या आवाजासाठी सूर शोधायची मर्यादा १०० ते ३०० हर्ट्झ ठेवा असं सांगितलं होतं, ते तसंच ठेवलं.

आता गंमत बघा. साध्या विधानात रेघ 'भाऊ'वर १७५ पासून २२५ पर्यंत चढते, 'उद्या'वर पुन्हा तशीच चढते आणि 'येणार'वर २०५ वरून १६० पर्यंत उतरते. इथवर कानाशी जुळतं. प्रश्नात मात्र 'येणार'वर १८० वरून २९५ पर्यंत चढते आणि तिथून धाडकन १५० वर पडते! कानाला तर शेवटपर्यंत चढच ऐकू येतो. मग रेघ खोटी की कान खोटा?

शिवाय दोन्ही वाक्यांत 'घरी'च्या सुरुवातीला रेघेला मोठा खड्डा आहे, १६५ पर्यंत. आणि विधानाच्या अगदी शेवटच्या तुकड्यावर रेघच नाही, आवाज मात्र आहे. हे सगळं वर्गात दाखवायचं कसं?

काकडी
मावशीला विचारा, त्या नक्की प्रश्न विचारत होत्या की टोमणा मारत होत्या.

उंटावरचा
हा सरळसरळ गोंगाटाचा प्रश्न आहे. खोलीत पंखा चालू असेल, त्यामुळे रेघ उड्या मारते. Pitch ऑब्जेक्ट निवडून Smooth करा, सगळं गुळगुळीत होईल. मी यंत्रांच्या कंपनांचे आलेख रोज बघतो. कच्चा आलेख कुणी वाचत नाही.

रेघोट्या
उंटावरचा, थांबा. २९५ वरून १५० वर पडलेली रेघ गुळगुळीत केली तर तिथे एक सुंदर, खोटा उतार तयार होईल आणि चूक कायमची झाकली जाईल. आधी पडझड खरी आहे का ते बघायला हवं.

शुभदाताई, तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. २९५ नंतर १५०, म्हणजे जवळजवळ बरोबर निम्मं. माणसाचा गळा एका क्षणात असा निम्म्यावर येत नाही. आला तरी कानाला तो आवाज फाटल्यासारखा लागेल. आणि तुम्ही वरची मर्यादा ३०० ठेवली आहे. मावशींचा सूर ३०० च्या वर गेला असणार. प्रात लहरीची नक्कल थोडी थोडी सरकवून ती मूळ लहरीवर पुन्हा कधी चपखल बसते ते शोधतं. ३४० चा आवाज एका आवर्तनानंतर जुळतो तसाच दोन आवर्तनांनंतरही जुळतो, आणि दोन आवर्तनं म्हणजे १७०. ३४० ला तुम्ही दार बंद केलंय, त्यामुळे ते १७० उचलतं. त्याच्या दृष्टीने त्याने चूक केलेलीच नाही.

दोन गोष्टी करून बघा. पडलेला तुकडा १५० वर सपाट आहे की तोही हळूहळू चढतोय? दुसरं, त्या जागी लहर इतकी मोठी करा की एकेक आवर्तन सुटं दिसेल. एका शिखरापासून पुढच्या तशाच शिखरापर्यंत निवडा. खिडकीत निवडीचा कालावधी दिसतो आणि त्याच्या शेजारी दर सेकंदाचा आकडाही. तो आकडा काय येतो ते लिहा.

पेटीवाला
मावशींची पट्टी कुठली? काळी पाच म्हणजे २३३ हर्ट्झ, त्याच्या आसपास दिसतायत. माझ्या बायकोलाही काळी पाच जुळते. पण गाताना प्रात लावलं तर मींड किती सुंदर दिसते! मी मागे एक तान त्यात टाकली होती, तिथेही रेघ मध्येच खालच्या सप्तकात पडली होती. तेव्हा वाटलं माझंच बेसूर झालं असेल.

रेघोट्या
पेटीवाले काका, तुमचा रोग तोच. वरची मर्यादा तारसप्तकाच्या खाली ठेवली की तान मंद्रात जाणारच.

शुभदा_क
पाहिलं! पडलेला तुकडा सपाट नाही, १५० वरून १७० पर्यंत चढतोय. आणि एक आवर्तन निवडल्यावर आकडा आला ०.००२९५ सेकंद, शेजारी ३३९. म्हणजे कान खरा.

वरची मर्यादा ५०० केली तर रेघ अखंड झाली, १८० वरून थेट ३४० पर्यंत. मग व्हिडिओवाल्याने ३०० का सांगितलं?

निमशहरी
कारण कुठेतरी बायकांचा सरासरी सूर दोनशेच्या आसपास असं लिहिलेलं असतं, आणि लोक सरासरीभोवती कुंपण घालतात. प्रश्न, आश्चर्य, राग हे सगळं त्या कुंपणाच्या बाहेर. तुम्ही नेमकी कुंपणाबाहेरचीच गोष्ट मोजायला निघालात.

बाय द वे, प्रातची आवृत्ती कुठली? २०२३ मध्ये आलेल्या ६.४ पासून मोजण्याची मूळची पद्धत बदलली. आता काही न बदलता उघडलं तर ५० ते ८०० मिळतं. जुन्या आवृत्तीत ७५ ते ५०० असायचं. जुने व्हिडिओ बघून नव्या आवृत्तीत आकडे भरताना हे लक्षात असू द्या. दोन जणांनी एकच फाईल उघडून वेगळी रेघ का आली यावर भांडण्याआधी आवृत्ती विचारावी.

उंटावरचा
मग ५० ते ८०० ठेवून मोकळं व्हावं की. कुंपण कशाला हवं?

रेघोट्या
मोकळं रान दिलं तर उलट्या चुका वाढतात. खूप खालपर्यंत शोधायला सांगितलं की निम्मे सूर सापडण्याची शक्यता वाढते. वरचं दार सताड उघडं ठेवलं की 'स', 'श' च्या घर्षणातून चारशे-पाचशेचे सुटे ठिपके उडतात. शिवाय जुन्या पद्धतीत खालच्या मर्यादेवरून मोजणीच्या खिडकीची लांबी ठरते, खालच्या सुराची तीन आवर्तनं मावतील एवढी. ६० ठेवलं तर ५० मिलिसेकंद, १०० ठेवलं तर ३०. लांब खिडकीत झटपट चढउतार पुसट होतात.

त्यामुळे दोनदा मोजायची एक पद्धत आहे, डॅनिएल हर्स्ट आणि सेलिन द लूझ यांची. आधी मोकळी मर्यादा ठेवून मोजायचं, त्यातले पाव आणि पाऊण टक्क्यांवरचे सूर काढायचे...

काकडी
पाव टक्का?

रेघोट्या
बरं, सगळे सूर चढत्या क्रमाने लावले तर एक चतुर्थांशावर येणारा आणि तीन चतुर्थांशावर येणारा. पहिल्याला ०.७५ ने गुणलं की खालची मर्यादा, दुसऱ्याला १.५ ने गुणलं की वरची. त्या मर्यादांनी दुसऱ्यांदा मोजायचं. स्क्रिप्ट एवढीच:

```
selectObject: "Sound prashna"
To Pitch: 0, 60, 700
q1 = Get quantile: 0, 0, 0.25, "Hertz"
q3 = Get quantile: 0, 0, 0.75, "Hertz"
writeInfoLine: 0.75 * q1, " ", 1.5 * q3
```

मात्र एका वाक्यावर हे चालवू नका. मावशींचं दोन-चार मिनिटांचं बोलणं घ्या. आणि बोलणं नाट्यमय असेल तर १.५ ऐवजी २.५ घेतात.

शुभदा_क
मावशी बोलायला लागली की दोन-चार मिनिटांत थांबत नाही, ती अडचण नाही. चालवून पाहिलं. खालचा आकडा १३९ आला आणि वरचा ३६०. म्हणजे ३४० जेमतेम बसलं. मी ४५० ठेवतेय.

पण १३९ ठेवलं की विधानाच्या शेवटी रेघ नाहीच. तिथे 'णार' चा 'र' मला स्पष्ट ऐकू येतो. म्हणून खालची ६० करून पाहिली, तर तिथे ८२ चा एक छोटा तुकडा उगवला. १६० वरून एकदम ८२. हेही निम्मंच झालं ना? म्हणजे खरा सूर १६४?

डॉक्टर_नव्हे
इथे मी बोलते, कारण वाचादोष हेच माझं रोजचं काम. निम्मं दिसलं की चूकच, असं धरून चालू नका. वाक्य संपताना श्वास कमी पडतो, स्वरतंत्र्या सैल होतात आणि आवाज किरकिरा होतो, दार करकरल्यासारखा. तेव्हा गळा खरोखर सेकंदाला ७०-८० वेळाच उघडतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी साठीच्या पुढच्या बायकांत तर हे सर्रास दिसतं.

ओळखायचं कसं? Show pulses लावा आणि त्या शेवटच्या भागातल्या उभ्या रेघा बघा, पण लहरीशी ताडून. लहरीत ६ मिलिसेकंदांवर एकसारखी शिखरं दिसत असतील आणि प्रातने एकाआड एक सोडलं असेल, तर ८२ ही मोजणीची चूक. शिखरंच बारा-बारा मिलिसेकंदांवर आणि कमीजास्त अंतराने असतील, तर तो किरकिरा आवाज खरा.

शुभदा_क
शिखरांतली अंतरं ११, १४, १०, १३ अशी काहीतरी. मधे काही नाही, लहर जवळजवळ सपाट होते.

डॉक्टर_नव्हे
मग खरा आहे. मावशींना गरम पाणी द्या :)

गोट्या_इस्लामपूरकर
मंडळी, एक शंका. मी घरी आमच्या आईचं रेकॉर्ड केलं तर ती बोलत नसतानाही रेघ आली. १०० वर, पट्टीने मारल्यासारखी सरळ. आई म्हणते मी गप्पच होते.

निमशहरी
इन्व्हर्टर किंवा फ्रीज. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण ५० किंवा १०० वर येते. माणसाचा सूर कितीही धरला तरी थोडा थरथरतोच. फुटपट्टीने मारल्यासारखी रेघ दिसली की घरातली यंत्रं बंद करा आणि परत घ्या.

गोट्या_इस्लामपूरकर
इन्व्हर्टरच निघाला. आईची बाजू खरी ठरली, आता आठवडाभर ऐकावं लागणार.

पेटीवाला
आमच्याकडे तानपुऱ्याची गरज नाही, फ्रीज आहे.

रेघोट्या
'घरी'वरच्या खड्ड्याचं राहिलं. तो मोजणीतला दोष नाही, पण बोलण्यातला हेलही नाही. 'घ' मुळे पडलेला खड्डा आहे. घ, झ, ध, भ म्हणताना स्वरतंत्र्या कंप पावत असतात आणि त्यांतून हवाही सुटत असते. त्याने सूर खाली ओढला जातो आणि पुढच्या स्वराच्या सुरुवातीपर्यंत तो ओढलेलाच राहतो. उलट क, ट, प नंतर स्वर थोडा वरून सुरू होतो. 'भाऊ' जो १७५ वरून सुरू होतो त्यातही भ चा हात आहे. बोलणाऱ्याने तिथे मुद्दाम काही केलेलं नाही आणि ऐकणाराही त्याला हेल म्हणून मोजत नाही.

म्हणून वर्गात दाखवायला असं वाक्य निवडा ज्यात म, न, ण, र, ल, व, य एवढेच असतील. "माई रविवारी येणार." आणि "माई रविवारी येणार?" रेघ न तुटता, खड्ड्याविना जाईल. र वर बारीक खाचा दिसतील, तेवढं चालायचं.

काकडी
भाऊंचा पत्ता कट, माईंना तिकीट.

उंटावरचा
हे पटत नाही. अवघड अक्षरं काढून टाकायची म्हणजे उत्तर सोयीचं करून घेणं. लोक काय फक्त म आणि र मध्ये बोलतात? विद्यार्थी उद्या "बिघडलं?" ऐकणार आहेत.

रेघोट्या
हा मुद्दा रास्त आहे. मग भाऊंचंच वाक्य ठेवा, पण कुठला चढउतार हेलाचा आणि कुठला अक्षराचा हे कानाने तपासा. Sound वरून To Manipulation करा आणि उघडा. सूर ठिपक्यांच्या रूपात दिसेल. 'घ' च्या आसपासचे ठिपके निवडून काढून टाका, म्हणजे अलीकडचा आणि पलीकडचा ठिपका सरळ रेषेने जोडला जाईल. खालच्या पट्टीवर क्लिक केलं की बदललेलं वाक्य ऐकू येतं, Shift धरून क्लिक केलं की मूळचं. दोन्हींत फरक कळला नाही, तर तो खड्डा हेलाचा नव्हता. नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनच्या संशोधकांनी ही चाळणी फार आधी वापरली: रेघ जितकी साधी करता येईल तितकी करायची, जोवर कान तक्रार करत नाही तोवर.

शुभदा_क
रविवारी बसून केलं. 'घ' चा खड्डा काढला, फरक शून्य. नवऱ्याला न सांगता दोन्ही ऐकवली, तो म्हणाला एकच फाईल दोनदा लावतेस का.

शेवटचे ८२ चे ठिपके काढून १५० वर सपाट केलं, तिथे मात्र घोळ झाला. मला वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटलं, जणू मावशी पुढे काही बोलणार आहे. नवऱ्याला तसं वाटलं नाही. मग तो किरकिरा तुकडा हेलात धरायचा की नाही?

डॉक्टर_नव्हे
मी धरणार नाही. तो श्वास संपल्याची खूण आहे.

रेघोट्या
मी धरेन. ८२ हा आकडा नाही, पण किरकिर नक्की धरेन. 'वाक्य संपलं' हे ऐकणाऱ्याला तीही सांगते, आणि प्रश्नाच्या शेवटी ती नाही हे शुभदाताईंच्याच फाईलमध्ये दिसतंय. आलेखात तिथे आकडा न काढता रेघ तोडायची आणि खाली 'किरकिरा' असं लिहायचं.

डॉक्टर_नव्हे
प्रश्नाच्या शेवटी नाही कारण सूर वर आहे, वरच्या सुरात किरकिर सहसा होत नाही. त्यावरून ती मुद्दाम केलेली खूण ठरत नाही. आणि हा सगळा वाद एकाच मावशीवर चाललाय.

शुभदा_क
आणखी एक. नवऱ्याकडूनही तेच म्हणवून घेतलं. त्याचा प्रश्न ९५ वरून १६० पर्यंत चढतो, म्हणजे फक्त ६५. मावशीचा १८० वरून ३४०, म्हणजे १६०. आलेख शेजारी ठेवले की नवऱ्याचा प्रश्न मिळमिळीत दिसतो. ऐकताना तसा अजिबात वाटत नाही.

पेटीवाला
अहो, हे माझ्या प्रांतातलं! कानाला वजाबाकी कळत नाही, पट कळते. ९५ चे १६० म्हणजे नऊ स्वर, पांढऱ्या-काळ्या सगळ्या धरून. १८० चे ३४० म्हणजे अकरा. दोघांत फरक दोनच पट्ट्यांचा. पेटीवर बोट ठेवून बघा.

रेघोट्या
काकांनी नेमकं सांगितलं. आलेखाचं एकक हर्ट्झवरून सेमीटोनवर न्या, Pitch settings मध्ये semitones re 100 Hz असा पर्याय आहे. मग पुरुष-बाई एकाच कागदावर ठेवता येतात.

गोट्या_इस्लामपूरकर
पण आमच्याकडं प्रश्न असा चढतच नाही ओ. "येणार न्हवं?" म्हटलं की झालं. आणि कोकणातल्या माणसाचं साधं विधानसुद्धा मला प्रश्न वाटतं.

काकडी
कोकणातला माणूस विधान करतच नाही.

निमशहरी
गोट्याची थट्टा सोडा, त्यात तथ्य आहे. मावशी आणि नवरा एकाच घरातले. दोन माणसांवरून 'मराठी प्रश्न असा चढतो' असं वर्गात सांगू नये. शिवाय दोघांनी वाक्य वाचून दाखवलंय. वाचताना माणूस प्रश्नचिन्ह बघून सूर चढवतो, खऱ्या बोलण्यात 'उद्या' वर जोर असेल तर चढ तिथे सुरू होऊन पुढे तसाच राहू शकतो. कागद न देता विचारायला लावा: त्यांना फोनवर सांगा की भाऊ उद्या येतोय, आणि त्या आश्चर्याने काय म्हणतात ते घ्या.

शुभदा_क
फोनची युक्ती झकास. भाऊ खरंच शनिवारी येणार आहे आणि मावशीला अजून माहीत नाही. वर्गासाठी सध्या माईंचं वाक्य, सेमीटोनमध्ये, ७५ ते ४५० ठेवून. 'येणार का?' चं काय होतं तेही त्याच दिवशी घेते. परवा घाईत ऐकलं तेव्हा 'का' वर रेघ चढण्याऐवजी उतरल्यासारखी दिसली, पण 'क' च्या आधी आवाज थांबतो तिथे रेघ तुटलीय आणि पुढचा तुकडा फार छोटा आहे.

रेघोट्या
त्या छोट्या तुकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. 'क' नंतर स्वर वरून सुरू होतो हे वर लिहिलंच आहे, त्यामुळे सपाट 'का' सुद्धा उतरता दिसू शकतो. स्वराचे पहिले तीस-चाळीस मिलिसेकंद सोडून पुढचं बघा, आणि जमलं तर त्याच ठिकाणी 'ना' म्हणवून घ्या, "येणार ना?" असं. अर्थ बदलेल, पण 'का' चा उतार किती 'क' चा आहे याचा अंदाज येईल. फाईल इथे चढवा.